३१ मार्चनंतरची पेमेंट्स आणि बिल न आलेला माल: पुस्तकात न आलेली देणी कशी शोधायची

ऑडिटला आलेल्या नव्या आर्टिकलच्या, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाच्या हातात क्रेडिटर्सची यादी दिली की तो एकेक नाव घेऊन बिलं शोधायला बसतो. बिल सापडलं की टिक. संध्याकाळपर्यंत सगळ्या नावांपुढे टिका होतात आणि त्याला वाटतं, देणी तपासून झाली. यादीत जे आहे ते खरं आहे, एवढं त्यातून कळतं. जे यादीत नाहीच, ते यादी दहा वेळा वाचली तरी सापडत नाही.

मालमत्ता फुगवून दाखवली जाते आणि देणी दडवली जातात, किंवा नुसती राहून जातात. माझ्या अनुभवात दडवण्यापेक्षा राहून जाण्याचं प्रमाणच जास्त. स्टोअरमध्ये माल आला, बिल पोस्टात किंवा कुणाच्या तरी मेलमध्ये अडकलं, आणि अकाउंट्सने ३१ मार्चला पुस्तकं बंद केली. म्हणून हे काम उलट्या दिशेने करायचं असतं. पुस्तकाबाहेरच्या पुराव्यापासून निघायचं आणि पुस्तकापाशी पोचायचं. बाहेरचे दोन पुरावे सगळ्यांत कामाचे. एक, एप्रिलपासून बँकेतून गेलेले पैसे. दुसरा, स्टोअरने घेतलेला पण ज्याचं बिल लागलेलं नाही असा माल, म्हणजे बिलाशी न जुळलेल्या जीआरएन, स्टोअरच्या माल मिळाल्याच्या पावत्या.

नमुन्यासाठी कोल्हापूरजवळची एक फाउंड्री घेऊ. शिरोलीला अशा बऱ्याच आहेत, ही त्यांतली कुठलीच नाही. वर्षअखेर ३१ मार्च २०२५, ऑडिट जूनच्या मध्यात. पिग आयर्न गोव्याहून येतं, स्क्रॅप आसपासहून, रेझिन आणि वाळू पुरवठादारांकडून, आणि ओतलेल्या कास्टिंगचं मशीनिंग बाहेरच्या जॉबवर्कवाल्यांकडे होतं. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.

आधी तीन तारखा वेगळ्या करा

प्रत्येक व्यवहाराला किमान तीन तारखा असतात: माल किंवा सेवा मिळाली ती, बिलावर छापलेली, आणि पुस्तकात नोंद झाली ती. अकाउंट्सच्या माणसाला तुम्ही विचाराल, "हे मार्चचं का नाही घेतलं?" तर तो म्हणेल, "बिल दोन एप्रिलचं आहे ना, साहेब." त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण देणं उभं राहतं ते माल किंवा सेवा मिळाली तेव्हा. पुरवठादाराने बिल कधी फाडलं, हा त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. नवशिक्यांची निम्मी चूक इथेच होते. ते बिलाची तारीख बघतात आणि पुढे जातात.

एक्सेलमध्ये पेमेंट्सची यादी घेतल्यावर F स्तंभात माल मिळाल्याची तारीख आणि G मध्ये नोंदीची तारीख ठेवा, आणि शेजारी हे लिहा:

```
=IF(AND(F2<=DATE(2025,3,31),G2>DATE(2025,3,31)),"CHECK","")
```

सूत्रात बिलाची तारीख कुठेच नाही, हे लक्षात घ्या. F स्तंभ मात्र सिस्टिममधून एका क्लिकवर भरत नाही. तो कागद बघून हाताने भरावा लागतो, आणि खरं काम तेच आहे.

पेमेंट्सची यादी कुठून घ्यायची

बँक बुकातून नको, बँक स्टेटमेंटमधून घ्या. बँक बुक हे त्यांनीच लिहिलेलं पुस्तक आहे. स्टेटमेंट बाहेरून येतं. कंपनीची तीन खाती असतील तर तिन्हींची, कॅश क्रेडिटसह. १ एप्रिलपासून तुम्ही काम करता त्या दिवसापर्यंत, आपल्या उदाहरणात १५ जूनपर्यंत. रोखीने मोठे खर्च होत असतील तर कॅश बुकही.

मग रक्कम ठरवायची. आपल्या फाउंड्रीत अडीच महिन्यांत सहाशे-साडेसहाशे पेमेंट्स झाली. सगळी बघणं शक्य नाही आणि गरजही नाही. २ लाखांच्या वरची सगळी घेतली, ती निघाली ९६. त्यांतून पगार, कर्जाचे हप्ते, आपल्याच दुसऱ्या खात्यात वळवलेले पैसे आणि कराची चलनं बाजूला काढली. पगार आणि कर बघायचे असतात, पण वेगळ्या कागदावर. २ लाखांच्या खालून पंधरा-वीस अशीच उचला. ही रक्कम किती ठेवायची ते सीनियरला विचारून ठरवा, ऑडिटच्या मटेरिॲलिटीशी, म्हणजे किती रकमेची चूक महत्त्वाची धरायची त्या मर्यादेशी, तिचा संबंध आहे. आपल्या मनाने "एक लाख ठीक आहे" असं लिहून मोकळं होऊ नका.

आता प्रत्येक पेमेंटचं बिल मागवायचं. व्हाउचर नव्हे, बिल, आणि त्यामागचा माल मिळाल्याचा कागद. मालासाठी जीआरएन. जॉबवर्कसाठी परत आलेल्या मालाचं चलान. वाहतुकीसाठी एलआर, म्हणजे ट्रकवाल्याची पावती. वकील किंवा सल्लागाराच्या फीसाठी काम कोणत्या काळातलं होतं ते सांगणारं पत्र किंवा बिलातलंच वर्णन. प्रश्न एकच: हा माल, हे काम ३१ मार्चच्या आधी मिळालं होतं का? असेल, तर ३१ मार्चच्या यादीत ते कुठे आहे?

"कुठे आहे" बघताना घाई करू नका. आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षी मी मोठ्या तोऱ्यात नऊ बाबींची यादी सीनियरपुढे ठेवली होती. त्यातल्या चार "खर्चाची तरतूद" नावाच्या खात्यात एकगठ्ठा पडलेल्या निघाल्या, मी फक्त पार्टीचं लेजर बघितलं होतं. क्लायंटच्या अकाउंटंटने काही न बोलता ते लेजर उघडून माझ्यापुढे सरकवलं. तेव्हापासून पार्टीचं लेजर, तरतुदींची खाती आणि असेल तर आलेला माल आणि बिल जुळवायचं जीआर/आयआर खातं, या तिन्ही जागा बघितल्याशिवाय "नोंद नाही" असं मी लिहीत नाही.

पेमेंट्समध्ये काय सापडलं

१८ एप्रिलला रेझिनवाल्याला ६,४९,००० गेले. माल ५,५०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९९,०००. बिल २ एप्रिलचं, नोंद ४ एप्रिलची. जीआरएन मात्र २९ मार्चची. ३१ मार्चला स्टॉक मोजला तेव्हा रेझिनची पिंपं स्टोअरमध्ये उभी होती आणि मोजणीत ती आली. खरेदी नाही, पण स्टॉक आहे. म्हणजे नफा पूर्ण ५,५०,००० ने फुगला. त्यातलं अर्धं रेझिन आधीच वापरलं असतं तरी फुगवटा तेवढाच राहिला असता. शिल्लक कमी मोजली गेली असती, वापरही झाला असता, पण खरेदी शून्यच राहिली असती. कागदावर दोन्ही हिशेब एकदा मांडून बघा, पटेल.

२२ एप्रिलला वीजबिल गेलं, २१,४०,०००. रीडिंग १ ते ३१ मार्चचं. वीजखर्चाच्या लेजरमध्ये वर्षात १२ बिलं होती, त्यामुळे वरवर सगळं नीट दिसत होतं. बारा बिलं उघडून बघितल्यावर कळलं की पहिलं बिल मार्च २०२४ चं आहे आणि शेवटचं फेब्रुवारी २०२५ चं. दर वर्षी मार्चचं बिल एप्रिलमध्ये घ्यायची पद्धत वर्षानुवर्षं चाललेली. अशा वेळी नफ्यावरचा परिणाम छोटा असतो. मार्च २०२४ चं बिल १९,८०,००० होतं, म्हणजे यंदाचा फरक फक्त १,६०,०००. पण ताळेबंदात २१,४०,००० चं देणं पूर्णच गायब. "नफ्यात फारसा फरक नाही, सोडून द्या" असं तुम्हाला कोणी म्हणालं तर ही दुसरी बाजू दाखवा. दुरुस्ती करायची ठरली तर १९,८०,००० मागच्या वर्षाचे म्हणून वेगळे दाखवावे लागतात, नाहीतर यंदाच्या खर्चात तेरा बिलं येतील.

भाडं, टेलिफोन, सिक्युरिटी एजन्सी, कंत्राटी कामगार, अशा दरमहा येणाऱ्या सगळ्या खर्चांना हीच युक्ती लागू पडते. बारा बिलं मोजू नका. बारा महिने मोजा.

जॉबवर्कवाल्याचं प्रकरण वेगळं. त्याने जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांच्या मशीनिंगचं एकच बिल १० एप्रिलला दिलं, ३,००,०००, वर जीएसटी. पेमेंट मे महिन्यात. सेवेला जीआरएन नसते, त्यामुळे स्टोअरच्या कुठल्याही रिपोर्टमध्ये हे दिसत नाही. पेमेंट बघितलं म्हणूनच सापडलं. काम झाल्याची तारीख कळली ती मशीनिंग होऊन परत आलेल्या कास्टिंगच्या चलानांवरून, सगळी ३१ मार्चच्या आतली.

आणि आता गोव्याचा ट्रक. पिग आयर्न २० टन, टनाला ४०,००० प्रमाणे ८,००,०००, वर जीएसटी. बिल ३१ मार्चचं, ट्रक त्याच रात्री निघाला, फाउंड्रीच्या गेटवर १ एप्रिलला सकाळी आला, जीआरएन १ एप्रिलची. वरचा नियम लावला तर हे एप्रिलचं देणं. पण खरेदी ऑर्डरवर अट होती एक्स-वर्क्स, म्हणजे पुरवठादाराने आपल्या कारखान्यातच माल ताब्यात दिला की जोखीम खरेदीदाराची. त्यामुळे ३१ मार्चच्या रात्री घाटात असलेलं पिग आयर्न फाउंड्रीचंच होतं. देणंही मार्चचं, आणि तेवढाच वाटेतला माल स्टॉकमध्ये. नफ्यावर परिणाम शून्य. अट पोच डिलिव्हरीची असती तर दोन्ही एप्रिलमध्ये गेलं असतं. मार्चच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांतल्या बिलांसाठी ऑर्डरवरची ही एक ओळ वाचलीच पाहिजे.

यादीतल्या सगळ्याच पेमेंट्समधून देणं निघत नाही. ८ एप्रिलला ५ लाख एका मशीनवाल्याला गेले होते, ती नव्या ऑर्डरची आगाऊ रक्कम. मशीन आलेलंच नाही, ३१ मार्चला देणं नाही. मात्र ऑर्डर मार्चमध्ये दिली असेल तर भांडवली खर्चाच्या बांधिलकीच्या टिपेत ती येते का, एवढं सीनियरला विचारून ठेवा.

पेमेंट्सवर का थांबायचं नाही

पैसे गेले तरच पेमेंटच्या यादीत दिसतात. ९० दिवसांच्या उधारीवर मार्चच्या शेवटी आलेल्या मालाचे पैसे १५ जूनपर्यंत जाणारच नाहीत. वाद चालू असलेलं बिल तर कधीच जाणार नाही. म्हणून एप्रिल-मेचं खरेदी रजिस्टर घ्यायचं आणि त्यातली मोठी बिलं याच पद्धतीने बघायची, पैसे गेलेले असोत वा नसोत. अकाउंट्सच्या टेबलावर "पेंडिंग" लिहिलेली एक फाइल असते. ती मागा. बरेचदा त्यात दर चुकलाय म्हणून परत पाठवायची बिलं असतात, आणि त्यातल्या अर्ध्यांचा माल केव्हाच वापरून झालेला असतो.

जीएसटीआर-२बी हा इथला हक्काचा मदतनीस. पुरवठादाराने आपल्या विवरणात जे बिल दाखवलं ते तिथे दिसतं, तुमच्या क्लायंटने नोंदलं असो वा नसो. मार्च, एप्रिल आणि मे या तिन्ही महिन्यांच्या २बी उतरवा आणि बिलाची तारीख ३१ मार्च किंवा आधीची असलेली पण पुस्तकात नसलेली बिलं वेगळी काढा. उशिरा विवरण भरणाऱ्यांची मार्चची बिलं एप्रिल-मेच्या २बीमध्ये येतात, म्हणून एकट्या मार्चची पुरत नाही. यातही भोकं आहेतच. विजेवर जीएसटी नाही, त्यामुळे वीजबिल तिथे येणार नाही. नोंदणी नसलेला छोटा जॉबवर्कवाला येणार नाही. आणि रेझिनसारखं २ एप्रिलचं बिल या चाळणीतून निसटेल, कारण तिथे तारीख बिलाची असते, मालाची नाही.

न जुळलेल्या जीआरएन

स्टोअर माल घेताना जीआरएन करतं. पुढे बिल आलं की ते त्या जीआरएनला जोडलं जातं. जोडलं न गेलेल्या जीआरएन म्हणजे माल आला, बिल नाही. टॅलीत ही यादी `Purchase Bills Pending` या रिपोर्टमध्ये मिळते, सॅपमध्ये `MB5S` मधून.

सगळ्यांत मोठी चूक यादी काढण्याच्या दिवसाची. जूनमध्ये बसून आजची यादी काढली तर तुम्हाला जूनमध्ये उघड्या असलेल्याच जीआरएन दिसतील. रेझिनची जीआरएन ४ एप्रिलला जुळून गेली, ती आजच्या यादीत नाही. तुम्हाला हवी ती ३१ मार्चच्या संध्याकाळची स्थिती. रिपोर्टची तारीख मागे नेता येत असेल तर उत्तम. नसेल तर ३१ मार्चपर्यंतच्या सगळ्या जीआरएन आणि त्यांना लागलेल्या बिलांच्या नोंदीच्या तारखा, अशा दोन याद्या एक्सेलमध्ये जोडून ती स्थिती स्वतः बांधावी लागते.

आपल्या फाउंड्रीत अशा ४१ जीआरएन निघाल्या, एकूण ३७,६०,०००. अकाउंटंटचं म्हणणं, "हे सगळं प्रोव्हाइड करून टाकू." करू नका. उघडी जीआरएन म्हणजे देणं असं नसतं. एकेक उघडून बघितल्यावर चित्र असं दिसलं:

- १७ जीआरएन, १४,२०,०००: बिल आलेलं आणि नोंदलेलंही, पण अकाउंट्सने जीआरएनला न जोडता सरळ खरेदी म्हणून घातलेलं. इथे तरतूद केली असती तर तोच माल दोनदा देण्यात आला असता.
- ६ जीआरएन, ३,१०,०००: तपासणीत नापास होऊन माल परत गेला. परतीचं चलान आहे, जीआरएन कोणी रद्द केली नाही.
- ५ जीआरएन, ४,९०,०००: ग्राहकाने पाठवलेले पॅटर्न आणि कोअर बॉक्स. त्यांच्या मालकीचे, काम झालं की परत जाणारे. आत आले म्हणून स्टोअरने त्याच मालिकेत जीआरएन केली आणि रकाना रिकामा राहू नये म्हणून किंमतही घातली.
- १३ जीआरएन, १५,४०,०००: खरोखर माल आलेला, बिल न नोंदलेलं.

पहिला प्रकार ओळखायची खूण म्हणजे त्याच पार्टीच्या लेजरमध्ये, जीआरएननंतर काही दिवसांत, त्याच रकमेची किंवा त्याच प्रमाणाची खरेदी. रक्कम दरातल्या फरकामुळे थोडी इकडेतिकडे होते, पण प्रमाण, म्हणजे किलो किंवा नग, सहसा तंतोतंत जुळतं. म्हणून रकमेवरून शोधण्यापेक्षा प्रमाणावरून आणि चलान नंबरवरून शोधा.

राहिलेल्या १५,४०,००० मध्ये रेझिनचे ५,५०,००० आहेत. ते आपण पेमेंटच्या कागदावर आधीच घेतले. वजा करा, ९,९०,००० उरले. कंपनीने "बिल न आलेला माल" म्हणून स्वतःहून २,४०,००० ची तरतूद केली होती. तीही त्याच जीआरएनची आहे का हे बघून वजा करा. उरले ७,५०,०००. दोन वेगळ्या कागदांवर तोच माल दोनदा पकडणं ही फार सहज होणारी चूक आहे, आणि क्लायंटने ती दाखवून दिली की मग तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

सॅपसारख्या सिस्टिममध्ये थोडा वेगळा घोळ असतो. तिथे जीआरएन झाली की जीआर/आयआर खात्यात जमा बाजूला नोंद आपोआप पडते, म्हणजे देणं पुस्तकात येतं. पण त्याच खात्यात नावे बाजूही असते: बिल नोंदलं, माल आलेला नाही, किंवा माल दुसऱ्याच ऑर्डरवर घेतला. जमा ४१ लाख आणि नावे ३८ लाख असतील तर ट्रायल बॅलन्समध्ये फक्त ३ लाख दिसतात आणि कोणी त्या खात्याकडे वळूनही बघत नाही. निव्वळ शिल्लक सोडा, ऑर्डरनिहाय दोन्ही बाजू वेगळ्या मांडा. दीड-दोन वर्षं जुन्या जमा रकमा दिसल्या तर पुरवठादार बिल द्यायचं विसरला असं लगेच धरू नका. तो माल बदली म्हणून फुकट आला होता का, हे खरेदी विभागाला विचारा. आणि `MR11` चालवून कोणी वर्षअखेरीला जुन्या जमा रकमा साफ केल्या असतील तर ती नोंद नक्की बघा. खरी देणी तिथे नफ्यात जमा झालेली असू शकतात.

गेटवरची वही

जीआरएनची तारीख तरी खरी कशावरून? स्टोअरचा माणूस तपासणी झाल्यावर जीआरएन करतो, आणि सिस्टिम त्या दिवसाची तारीख घालते. ३० मार्चला आलेली वाळू क्वालिटीने ३ एप्रिलला पास केली तर जीआरएन ३ एप्रिलची. या मालाची उघडी जीआरएन ३१ मार्चला नव्हतीच, म्हणून वरच्या यादीत तो येणार नाही.

यावर उपाय गेटवर आहे. वॉचमनकडे आवक रजिस्टर असतं, अजून बऱ्याच ठिकाणी लांबट वहीत हाताने लिहिलेलं: तारीख, वेळ, गाडी नंबर, पार्टी, चलान नंबर, आणि शेवटच्या रकान्यात नंतर कोणीतरी लाल पेनाने टाकलेला जीआरएन नंबर. २५ ते ३१ मार्चची पानं घ्या आणि प्रत्येक ओळीची जीआरएन शोधा. लाल पेनाचा रकाना रिकामा असेल किंवा जीआरएन एप्रिलची असेल तिथे थांबा. ३१ मार्चच्या शेवटच्या ओळीखाली रेघ मारलेली आहे का, नोंदींचे क्रमांक सलग आहेत का, तेही बघा. स्टॉकमोजणीला ३१ मार्चला हजर राहण्याची संधी मिळाली तर गेटवरचा शेवटचा नंबर आणि शेवटचा जीआरएन नंबर त्याच दिवशी लिहून घ्या. जूनमध्ये ते दोन आकडे सोन्यासारखे वाटतात.

आकडे एकत्र आणताना

रेझिन ५,५०,०००, वीज २१,४०,०००, मशीनिंग ३,००,०००, वाटेतलं पिग आयर्न ८,००,०००, उरलेल्या जीआरएन ७,५०,०००. जीएसटी सोडून एकूण ४५,४०,००० ची देणी ताळेबंदात कमी. यंदाच्या नफ्यावर मात्र परिणाम १७,६०,००० चा, कारण वीज फक्त १,६०,००० ने आणि पिग आयर्न शून्याने धरायचं. हे दोन आकडे नेहमी वेगळ्या रकान्यांत ठेवा. आणि नफ्याचा आकडा पक्का करण्याआधी प्रत्येक मालापुढे एक गोष्ट तपासा: तो ३१ मार्चच्या स्टॉकमोजणीत आला होता का? मोजणीतही नसेल आणि खरेदीतही नसेल, शिवाय वापरलेलाही नसेल, तर नफा जागेवरच राहतो, ताळेबंदाच्या दोन्ही बाजू तेवढ्याने कमी दिसतात.

जीएसटीचं असं: मार्चच्या तारखेचं बिल हातात असेल तर देणं जीएसटीसह दाखवायचं आणि कर वेगळ्या खात्यात ठेवायचा. बिलच नसेल किंवा बिल एप्रिलचं असेल, तर क्रेडिट मिळणाऱ्या खर्चाची तरतूद जीएसटी सोडून करायची. क्रेडिट मिळत नसेल तर करासकट, कारण मग तो खर्चच आहे. मशीनिंगसारख्या तरतुदीवर टीडीएसचा प्रश्न येतो, तो टॅक्स बघणाऱ्याला तेव्हाच विचारा, वर्षभराने नको. कंपनी असेल तर शेड्यूल ३ प्रमाणे ट्रेड पेयेबल्सच्या वयोमानाच्या तक्त्यात बिल न आलेली देणी वेगळी दाखवावी लागतात, त्यामुळे सगळं एकाच ओळीत ढकलू नका.

आणखी एक स्वस्त तपासणी. बॅलन्स कन्फर्मेशन पाठवताना सवयीने मोठी शिल्लक असलेल्या पार्ट्या निवडल्या जातात. देणी कमी दाखवली आहेत का हे बघायचं असेल तर वर्षभरात मोठी खरेदी झालेल्या पण ३१ मार्चला शिल्लक शून्य किंवा किरकोळ असलेल्या पार्ट्या निवडा, आणि त्यांच्याकडून त्यांचं स्टेटमेंट मागा. शिवाय मागच्या वर्षीच्या तरतुदींची यादी शेजारी ठेवून यंदा कुठलं नाव गळलं ते बघा. गेल्या वर्षी वाहतूकदाराची तरतूद ४ लाखांची होती आणि यंदा नावच नाही, तर त्याने काम बंद केलं की कोणी विसरलं, हे पाच मिनिटांत कळतं.

तुमची पेमेंट्सची यादी १५ जूनला थांबली. रिपोर्टवर सही व्हायला ऑगस्ट उजाडला, तर मधल्या दोन महिन्यांचं बँक स्टेटमेंट पुन्हा मागवायचं. एसए ५६० या ऑडिटच्या मानकाप्रमाणे ऑडिटरचं ताळेबंदानंतरच्या घटनांकडचं लक्ष रिपोर्टच्या तारखेपर्यंत असावं लागतं. या वेळी ९६ पेमेंट्स उघडायची गरज नसते. मोठ्या रकमा, नवीन नावं आणि ९० दिवसांच्या उधारीचे पुरवठादार, एवढेच उचला. जॉबवर्कवाल्याचं जुलैत गेलेलं एखादं बिल उघडलं आणि त्यावर "फेब्रु-मार्च रिवर्क" असं लिहिलेलं असलं, तर वरच्या पाच देण्यांच्या यादीत सहावी ओळ घाला.